राखेतली मांडीची हाडे: लिकायॉन पर्वतावरचा विधी उत्खननातून कसा वाचला गेला

पुरातत्त्वज्ञांमध्ये एक जुनी थट्टा चालते. उत्खननात सापडलेल्या वस्तूचा उपयोग कळला नाही, की अहवालात तिच्यापुढे ‘धार्मिक विधीची वस्तू’ असे लिहून मोकळे व्हावे. या थट्टेत बरेच तथ्य आहे, कारण जमिनीतून श्रद्धा निघत नाही. निघतात ती खापरे, हाडे, राख, दगड आणि मातीचे थर. मंत्र, नवस, भीती किंवा कृतज्ञता यांपैकी काहीही चाळणीवर उरत नाही. मग एखाद्या जागी पूजा होत होती, ती अमुक पद्धतीने होत होती आणि अमुक शतकापासून होत होती, असे अभ्यासक छातीठोकपणे कशाच्या आधारावर म्हणतात, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका ठिकाणाच्या आधारे नीट देता येते. ते ठिकाण म्हणजे ग्रीसमधल्या आर्केडिया प्रदेशातील लिकायॉन पर्वतावरची, प्राचीन ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस याची वेदी.

धर्माच्या पुरातत्त्वाला शिस्त लावण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्र्यू यांनी 1985 मध्ये केला. ग्रीसच्या मेलोस बेटावरील फिलाकोपी येथील देवस्थानाचा अहवाल लिहिताना त्यांनी असा आग्रह धरला, की एखाद्या जागेला देवस्थान ठरवायचे असेल तर आधी विधीच्या कोणत्या खुणा जमिनीत उरू शकतात हे सांगावे आणि मग त्या खुणा एकत्र, एकाच जागी आणि पुन्हा पुन्हा आढळतात का हे तपासावे. लक्ष वेधून घेणारी जागा किंवा रचना, रोजच्या जगापासून वेगळी काढलेली हद्द, देवतेच्या अस्तित्वाचे काही चिन्ह आणि भक्तांनी केलेल्या अर्पणाचा माग, अशा त्या खुणा आहेत. यातली एखादी खूण एकटी सापडली तर तिला फारशी किंमत नाही. मातीची मूर्ती मुलाचे खेळणे असू शकते आणि राखेचा थर चुलीचा असू शकतो. म्हणून अभ्यासक वस्तूपेक्षा वस्तूंच्या मांडणीकडे आणि त्या मांडणीच्या पुनरावृत्तीकडे अधिक पाहतात. लिकायॉनवर ही पुनरावृत्ती हाडांमध्ये दिसली.

लिकायॉनचे दक्षिणेकडचे शिखर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,380 मीटर उंचीवर आहे. इ.स.च्या दुसऱ्या शतकात ग्रीसभर फिरून देवस्थानांची वर्णने लिहिणारा पॉसेनियस हा प्रवासी येथेही आला होता. शिखरावर मातीचा एक ढीग असून तीच लिकायॉनच्या झ्यूसची वेदी आहे, तेथून पेलोपोनीज या दक्षिण ग्रीसच्या द्वीपकल्पाचा बराचसा भाग दिसतो आणि वेदीच्या पुढे उगवतीच्या दिशेला दोन खांब आहेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. वेदीच्या खालच्या बाजूला एक निषिद्ध आवार होते. त्यात शिरणारा माणूस वर्षाच्या आत मरतो आणि तेथे कोणाचीच सावली पडत नाही, अशी समजूत त्याने नोंदवली. वेदीवर गुप्तपणे बळी दिला जातो एवढे सांगून, त्याची अधिक चौकशी करणे आपल्याला रुचले नाही, असेही तो म्हणतो. हे शेवटचे वाक्य वाचून नंतरच्या अनेक अभ्यासकांचा जीव कासावीस झाला असणार, कारण जे जाणून घ्यायचे होते नेमके तेच त्याने टाळले.

ज्याला पॉसेनियस मातीचा ढीग म्हणतो, तो मुख्यतः राखेचा आणि जळलेल्या हाडांचा ढीग आहे. वेदी म्हटल्यावर आपल्याकडचा वाचक विटांची किंवा दगडांची रचना डोळ्यांपुढे आणतो. ग्रीक देवस्थानांत मात्र काही ठिकाणी बळीची राख तशीच ठेवून तिच्यावरच पुढचा बळी जाळत असत आणि राख साचत साचत वेदीच तयार होत असे. ऑलिम्पियाची झ्यूसची वेदी अशाच राखेची होती आणि पॉसेनियसच्या काळी तिची उंची 22 फूट होती, अशी त्याची नोंद आहे. ऑलिम्पियाची ती वेदी आता उरलेली नाही. लिकायॉनची उरली आहे, आणि म्हणूनच ती मोलाची आहे: विधीचे साहित्य येथे विधीनंतर दुसरीकडे नेऊन टाकलेले नाही, ते जागच्या जागी साचलेले आहे.

या ढिगाचे पहिले उत्खनन विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ग्रीक पुरातत्त्वज्ञ कुरूनिओतिस यांनी केले. त्यानंतर जवळपास शंभर वर्षे येथे मोठे काम झाले नाही. 2004 पासून ग्रीक आणि अमेरिकन अभ्यासकांचा संयुक्त प्रकल्प सुरू झाला. त्यात डेव्हिड रोमानो आणि मेरी व्होयात्झिस यांचा प्रमुख सहभाग आहे. जुन्या आणि नव्या उत्खननात फरक प्रश्नांचा आहे. जुन्या काळी नजर नाणी, कांस्याच्या वस्तू आणि मूर्ती यांच्याकडे असे, आणि जळक्या हाडांचे तुकडे ‘बळीचे अवशेष’ एवढ्या दोन शब्दांत आटोपले जात. नव्या उत्खननात प्रत्येक तुकडा कोणत्या प्राण्याच्या कोणत्या अवयवाचा, किती जळलेला आणि कोणत्या थरातला, याची नोंद झाली. खरी माहिती त्या नोंदींतून बाहेर आली.

थरांविषयी आधी सांगायला हवे, कारण राखेचा ढीग हा थर वाचायला फार अवघड प्रकार आहे. उत्खननाचा मूळ नियम सोपा आहे: जे खाली आहे ते आधीचे, जे वर आहे ते नंतरचे. घराच्या जमिनीवर दुसरी जमीन सारवली, तिच्यावर भिंत पडली, भिंतीवर माती साचली, तर हा क्रम स्वच्छ वाचता येतो. उघड्या शिखरावरची राख मात्र भुसभुशीत असते. वारा ती उडवतो, पाऊस तिला उताराकडे वाहून नेतो, आणि पुढच्या वर्षी बळी देणारे लोक खड्डा करून नवी चिता रचतात तेव्हा खालचे खापर वर येते. लिकायॉनची राख जास्तीत जास्त सुमारे दीड मीटर खोल आहे आणि तिच्या वरच्या भागात निरनिराळ्या काळांची खापरे एकमेकांत मिसळलेली आहेत. अशा थरातून एक खापर उचलून त्याच्या शेजारच्या हाडाला तेच वय देणे ही चूक ठरते.

तरीही ढिगाचा तळ पुष्कळसा शाबूत राहिला. राखेखाली खडक आहे आणि तो खडबडीत, भेगाळलेला आहे. या खडकावर, उत्खननाच्या चराच्या अगदी बुडाशी, मायसिनियन काळातील पिण्याच्या भांड्यांचे अवशेष सापडले. पन्नासाहून अधिक भांडी मोजता आली. त्यांच्यासोबत माणसांच्या आणि जनावरांच्या मृण्मूर्तींचे तुकडे होते आणि जळलेली हाडेही होती. मायसिनियन काळ म्हणजे स्थूलमानाने इ.स.पू. सतराव्या ते अकराव्या शतकांमधला, ग्रीसमधल्या राजवाड्यांचा काळ. ढिगाच्या वरच्या टोकाला शास्त्रीय ग्रीक काळाची आणि त्यानंतरचीही वस्तुसामग्री आहे. एकाच जागी हजार वर्षांहून अधिक काळ लोक काहीतरी जाळत होते, एवढे यातून दिसते. पण काय जाळत होते आणि कशासाठी, हे हाडांनाच विचारावे लागते.

येथील प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास ब्रिट स्टार्कोविच यांनी केला. बहुतेक सर्व हाडे जळलेली आहेत आणि बहुतेक सर्व मेंढ्या-बकऱ्यांची आहेत. या दोन जनावरांची हाडे तुकड्यांवरून वेगळी काढणे कठीण असते, म्हणून ती एकत्रच मोजली जातात. खरी गंमत पुढे आहे. जनावराच्या सांगाड्यात कवटी, जबडा, दात, मान, बरगड्या, पुढचे पाय, मागचे पाय, खूर असे सगळे असते, परंतु राखेत मुख्यतः तीनच प्रकारची हाडे आहेत: मांडीचे हाड, गुडघ्याची वाटी आणि शेपटीचे मणके. बाकीचे जनावर जवळजवळ गायब आहे.

या आकृतिबंधाकडे पाहून लगेच ‘बळी’ म्हणून मोकळे होणे योग्य नाही. आधी साध्या कारणांनी हा परिणाम घडू शकतो का, ते तपासावे लागते. पहिली शक्यता अशी, की सगळीच हाडे तेथे होती आणि नाजूक हाडे काळाच्या ओघात नष्ट झाली. हे गृहीत धरले तर सर्वांत टणक भाग उरायला हवेत, म्हणजे दात, पुढच्या पायाच्या वरच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीचे खालचे टोक. मांडीचे हाड त्या मानाने कमी टणक असते, आणि शेपटीचे मणके तर इतके लहान आणि हलके असतात, की साध्या वस्तीच्या उकिरड्यात कुत्री ते सर्वांत आधी संपवतात. लिकायॉनवर जे टणक ते नाही आणि जे टिकायला अवघड ते आहे. म्हणजे झिजेमुळे जे घडते त्याच्या बरोबर उलट चित्र आहे. ही निवड निसर्गाने केलेली नाही.

दुसरी शक्यता स्वयंपाकाची आहे. लोक शिखरावर येऊन मांस भाजून खात असतील आणि उरलेली हाडे आगीत टाकत असतील. तसे असते तर खाण्याजोग्या सगळ्या भागांची हाडे सापडली असती, विशेषतः पुढच्या पायांची आणि बरगड्यांची. शिवाय शेपटीवर खाण्यासारखे फारसे काही नसते. जळण्याची मात्राही या शक्यतेच्या विरुद्ध जाते. मांस भाजताना हाडाचे उघडे टोक तेवढे करपते, कारण बाकीच्या हाडाला मांसाचे संरक्षण असते. हाड आगीत पडून राहिले तर ते आधी काळे, मग करडे आणि साधारण 650 ते 700 अंश सेल्सियसच्या पुढे बराच वेळ राहिले तर पांढरे होते. वेदीवरची पुष्कळ हाडे अशी पूर्ण जळालेली आहेत. ती खाण्यासाठी भाजलेली नाहीत, जळून जावीत म्हणूनच आगीत ठेवलेली आहेत.

तिसरी शक्यता इंधनाची. लाकडाची टंचाई असलेल्या भागांत हाडे जळण म्हणून वापरलेली आढळतात, कारण त्यांच्यातल्या चरबीमुळे आग टिकते. पण जळणासाठी कोणी फक्त मांड्या आणि शेपट्या निवडून बाकीचा सांगाडा दूर ठेवत नाही.

साधी कारणे अशी एकेक करून बाजूला पडल्यावरच ग्रीक वाङ्मयाकडे वळणे प्रामाणिकपणाचे ठरते, आणि तेथे हा आकृतिबंध शब्दशः वर्णिलेला आहे. होमरच्या काव्यांत देवांना बळी देताना मांडीची हाडे चरबीत गुंडाळून आगीवर जाळतात आणि माणसे उरलेले मांस भाजून खातात. माणसांना मांस आणि देवांना हाडे ही वाटणी जरा उफराटी आहे, हे ग्रीकांच्याही ध्यानात आले होते. हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीने सांगितलेल्या कथेनुसार माणसांची बाजू घेणाऱ्या प्रोमीथियसने बैल कापून दोन वाटे केले, हाडांवर चमकदार चरबी पसरून तो वाटा आकर्षक केला आणि झ्यूसपुढे ठेवला. तेव्हापासून माणसे देवांसाठी हाडे जाळतात. शेपटीचा उल्लेख मडक्यांवरच्या चित्रांत सापडतो: वेदीवरच्या ज्वाळेत शेपटी वर वळलेली दाखवतात. आजच्या अभ्यासकांनी मेंढ्यांच्या शेपट्या प्रत्यक्ष आगीवर धरून पाहिल्या, तर त्या खरोखरच वर वळतात. देवाने बळी स्वीकारला की नाही हे ग्रीक लोक या वळण्यावरून पाहत असावेत, असा अर्थ लावला जातो. गुडघ्याच्या वाटीचे स्पष्टीकरण त्याहून साधे आहे. मांडी सोलून काढताना वाटी सांध्याच्या स्नायुबंधांसोबत मांडीच्या हाडाला चिकटून येते. तिला कोणी मुद्दाम निवडले नव्हते, ती मांडीबरोबर आली. कवितेत तिचा उल्लेख नाही आणि राखेत ती आहे, हीच या पुराव्याची खरी ताकद वाटते, कारण काव्य वाचून कोणी हा ढीग रचला असता तर वाटी विसरला असता.

याच ठिकाणी एक धोका आहे. काव्यात जे लिहिले आहे तेच राखेत सापडले म्हणून आनंद होतो आणि त्या आनंदात काव्याचा काळ मागे ढकलला जातो. होमरची काव्ये साधारण इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांतली मानली जातात. त्यांतले वर्णन त्याच्या पाचशे वर्षे आधीच्या विधीला लागू पडते का, हे वेगळे सिद्ध करावे लागते. मायसिनियन काळात सर्वत्र एकच पद्धत नव्हती याचा पुरावाही आहे. पायलोस येथील राजवाड्यात, ज्याला नेस्टरचा राजवाडा म्हणतात, गुराढोरांच्या जळलेल्या हाडांचे ढीग सापडले. त्यांत खालचा जबडा, पुढच्या पायाचे वरचे हाड आणि मांडीचे हाड अशी निवड होती. निवड तेथेही आहे आणि जाळणेही आहे, पण निवडलेले अवयव आणि जनावर वेगळे आहे. म्हणून लिकायॉनची मांडी-वाटी-शेपटी ही निवड नक्की कोणत्या शतकापासून चालत आली, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि मिसळलेल्या राखेत थरांवरून त्याचे उत्तर मिळत नाही.

म्हणून हाडांचेच वय काढावे लागले. कार्बन-14 पद्धतीने हाडाचे वय काढताना एरवी हाडातले कोलॅजेन हे प्रथिन वापरतात. पूर्ण जळालेल्या हाडात ते उरतच नाही. जुन्या अभ्यासकांना अशी हाडे कालमापनासाठी निरुपयोगी वाटत. पुढे असे लक्षात आले, की पांढऱ्या पडेपर्यंत जळालेल्या हाडात खनिज भागाचे स्फटिक नव्याने बनतात आणि त्यांत अडकलेला थोडासा कार्बन पुढे बाहेरच्या मातीच्या प्रभावापासून चांगलाच सुरक्षित राहतो. त्यामुळे अर्धवट काळे हाड कालमापनाला वाईट आणि पूर्ण पांढरे हाड चांगले, अशी उलटी स्थिती होते. त्यातही एक खोच आहे. जळताना हाड आगीतल्या धुरातला कार्बन काही प्रमाणात शोषून घेते. जळणाचे लाकूड शंभर-दोनशे वर्षांच्या झाडाच्या गाभ्यातले असेल, तर हाडाचे वय खऱ्यापेक्षा थोडे जास्त दिसू शकते. एका हाडाच्या तारखेवर इमारत उभी न करता अनेक हाडांच्या तारखा घेणे आणि त्या सोबतच्या खापरांशी ताडून पाहणे, हाच त्यावर उपाय आहे. लिकायॉनच्या बाबतीत या तारखा मायसिनियन काळापर्यंत मागे जातात. खडकावरच्या पेल्यांची साक्ष आणि हाडांची साक्ष एकमेकींशी जुळतात.

हे जुळणे मोठे आहे. मायसिनियन राजवाडे इ.स.पू. 1200 च्या सुमारास कोसळले, लिहिण्याची कला लुप्त झाली आणि ग्रीसमधल्या बहुतेक देवस्थानांचा इतिहास त्यानंतरच्या शतकांत नव्याने सुरू झालेला दिसतो. लिकायॉनवर खापरांची आणि हाडांची साखळी या पडझडीच्या काळातही तुटलेली नाही. अर्थात, विधी तोच राहिला म्हणून देवही तोच राहिला, असे मात्र म्हणता येत नाही. झ्यूसचे नाव मायसिनियन मृत्तिकापाट्यांवर आढळते, पण लिकायॉनच्या खडकावर कोणी नाव कोरून ठेवलेले नाही. आग कोणासाठी पेटत होती हे त्या तळच्या थरापुरते मोकळेच ठेवावे लागते.

भांड्यांबद्दल थोडक्यात. तळाशी सापडलेल्या पिण्याच्या भांड्यांत किलिक्स या प्रकाराचे प्रमाण मोठे आहे. उंच देठाचा, दोन कानांचा हा पेला मेजवानीत हातात धरायचा असतो. साठवणाचे रांजण, जाते, घरांचे पाये अशा वस्तीच्या खुणा शिखरावर नाहीत. जेथे कोणी राहत नाही तेथे पेल्यांचा असा साठा सापडणे, हे लोक तेथे मुद्दाम चढून येत, एकत्र पीत आणि मग पेले तेथेच सोडून देत, याचे चिन्ह आहे. नंतरच्या काळात पेल्यांची जागा लहान कांस्य तिवयांनी घेतली. तिवई म्हणजे तीन पायांचे मोठे भांडे ठेवण्याचे किंवा उकळण्याचे साधन, पण येथील तिवया बोटभर आकाराच्या आहेत. त्यांच्यावर काहीही शिजवता येत नाही. ज्या वस्तूचा आकारच तिच्या व्यावहारिक उपयोगाला नकार देतो, तिला अर्पणाची वस्तू म्हणायला फारसा संकोच वाटू नये.

आता अशा दोन गोष्टी, ज्यांच्या बाबतीत मी संकोच करीन. राखेत वीज पडून वितळलेल्या मातीचा काचेसारखा तुकडा सापडला. झ्यूस हा विजेचा देव, याच वेदीत वज्र धरलेला कांस्याचा छोटा हातही सापडला आहे, तेव्हा हा काचेचा तुकडा भक्तांनी पवित्र मानून वेदीवर आणून ठेवला असावा, ही कल्पना मोहक आहे. परंतु हे उघडे शिखर आहे आणि त्यावर वीज पडतच असते. तुकडा तेथेच तयार झाला असेल तर तो माणसाने ठेवलेलाच नाही. कांस्याचा हात माणसाने घडवलेला असल्याने त्याचा हेतू सांगता येतो, काचेचा तसा सांगता येत नाही. दोन्ही एका परडीत घालणे ही घाई होईल.

दुसरी गोष्ट नवाश्मयुगीन खापरांची. वेदीच्या जागेत मायसिनियन काळाच्याही हजाराहून अधिक वर्षे आधीची खापरे आहेत, आणि त्यावरून शिखराचे पावित्र्य झ्यूसच्या कितीतरी आधीचे असावे, असा तर्क काही जण करतात. तर्क अशक्य नाही. पण या खापरांसोबत त्याच काळाची जळलेली, निवडलेली हाडे सापडली तरच तो पुढे जाईल. तोवर एखाद्या मेंढपाळाने मडके फोडले असेल हीसुद्धा तितकीच चांगली कथा आहे. लोक येत होते हे खापर सांगते. का येत होते हे ते सांगत नाही.

यानंतर 2016 साली वेदीच्या मध्यभागी जे निघाले, त्याने सगळ्या जगाचे लक्ष वेधले. राखेच्या ढिगात माणसाचा सांगाडा सापडला. तो किशोरवयीन व्यक्तीचा, बहुधा मुलाचा होता. पूर्व-पश्चिम दिशेने, दगडांच्या दोन ओळींच्या मधे देह ठेवलेला होता, कटिभागावर दगडी फरशा होत्या आणि कवटीचा वरचा भाग जागेवर नव्हता. सोबतच्या खापरांवरून ही पुरणी इ.स.पू. अकराव्या शतकातली, म्हणजे मायसिनियन काळाच्या अगदी शेवटची असल्याचे उत्खननकर्त्यांनी सांगितले. लिकायॉनबद्दल ग्रीक लोकांत फार पूर्वीपासून एक भयंकर कथा होती. प्लेटोने ती नोंदवली आहे: येथील बळीच्या मांसात माणसाच्या आतड्याचा तुकडा मिसळलेला असतो आणि ज्याच्या तोंडी तो येतो तो लांडगा होतो. आर्केडियाच्या लिकेऑन राजाने अर्भक बळी दिले आणि तो लांडगा झाला, ही पॉसेनियसची कथाही तीच वाट धरते. सांगाडा सापडल्यावर वृत्तपत्रांनी नरबळीचा मथळा दिला, यात नवल नाही.

पण हाडांबद्दल आतापर्यंत जी शिस्त पाळली तीच येथेही पाळली पाहिजे. वेदीवर बळी कसा दिसतो हे आपल्याला हजारो तुकड्यांवरून माहीत आहे: देह तुकडे करून, ठरावीक अवयव निवडून आणि पांढरे पडेपर्यंत जाळून. हा सांगाडा जाळलेला नाही, त्याचे तुकडे केलेले नाहीत, आणि तो राखेत इतस्ततः विखुरलेला नसून दगडांच्या ओळींमध्ये नीट मांडलेला आहे. म्हणजे वेदीच्या भाषेत सांगायचे तर तो बळीसारखा दिसत नाही, पुरल्यासारखा दिसतो. कवटीचा वरचा भाग नसणे ही लक्षणीय गोष्ट आहे, पण तो मृत्यूच्या वेळी काढला, पुढे कधी राखेत चर खणताना तुटला की पृष्ठभागाजवळ असल्याने झिजला, हे तुटलेल्या कडांवरून ठरते. ताज्या हाडावर घाव बसला तर कड गुळगुळीत आणि तिरकी फुटते, वाळलेले हाड खडबडीत आणि काटकोनात तुटते. हा भेद हाड हातात घेऊन भिंगाखाली पाहिल्याशिवाय कोणीही सांगू नये, आणि वर्तमानपत्रातले छायाचित्र पाहून तर मुळीच नाही.

तरीही ही सर्वसाधारण पुरणी आहे असे म्हणून विषय मिटत नाही. ग्रीकांच्या दृष्टीने प्रेत हे विटाळाचे असे, देवस्थानात मरणाला थारा नसे, आणि येथे तर देह थेट वेदीच्या मध्यात आहे. अकराव्या शतकातली ही माणसे नंतरच्या ग्रीकांचे नियम पाळत होती का, हाच आधी प्रश्न आहे. पाळत नसतील तर प्रेत येथे ठेवणे त्यांच्या लेखी अपवित्र नव्हते. पाळत असतील तर या मुलाला येथे ठेवण्यामागे काही असाधारण कारण असले पाहिजे, मग ते बळीचे असो, वीरपूजेचे असो वा एखाद्या अरिष्टाचे. एकच सांगाडा असताना यांतला एक पर्याय निवडता येत नाही, कारण मांडीच्या हाडांच्या बाबतीत ज्याने निर्णय दिला ती पुनरावृत्तीच येथे नाही. वेदीच्या अजून न खणलेल्या भागातून असाच दुसरा देह, त्याच ओळींमध्ये, त्याच फरशांखाली निघाला तर हा प्रश्न वेगळ्या पायरीवर जाईल. लहानपणच्या अन्नपाण्यातून दातांत उतरलेल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांवरून मुलगा या डोंगराच्या आसपास वाढला की दुसऱ्या प्रदेशातून आला, याचा अंदाज बांधता येतो, आणि परका मुलगा असेल तर बळीच्या बाजूचे पारडे थोडे जड होईल, एवढेच.